पहिल्यांदाच शेअर विकले, आणि १५ मार्च तोंडावर आहे

वाचकाचं पत्र

"मी ४१ वर्षांची, कोल्हापुरात एका खासगी महाविद्यालयात नोकरी करते. पगार महिना ७५ हजार. नवी करपद्धत घेतली आहे, त्यामुळे पगारातून काही कापलं जात नाही. २०१४ साली ९० रुपयांनी घेतलेले एका कंपनीचे ७०० शेअर होते. त्यातले ५०० मी १२ नोव्हेंबरला ८२० रुपयांनी विकले. आयुष्यातली पहिलीच विक्री. २० फेब्रुवारीला एका इक्विटी फंडातली एसआयपीची सगळी रक्कम रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्टमध्ये वळवली, पण ते पैसे काही हातात आले नाहीत. मला वाटत होतं, १२ लाखांपर्यंत कर नाही आणि ब्रोकरने एसटीटी कापलाच आहे, म्हणजे विषय संपला. परवा एक सहकारी म्हणाले, अ‍ॅडव्हान्स टॅक्स भरायला हवा होता, आता दंड बसेल. तो तर धंदेवाल्यांचा असतो ना? उरलेले २०० शेअरही मार्चअखेर विकून सगळं एकाच रिटर्नमध्ये मिटवावं म्हणते. चालेल का?"

उत्तर

तुमचे सहकारी निम्मे बरोबर आहेत. कर लागतो आणि तो ३१ जुलैची वाट न बघता भरायचा असतो, हे खरं. दंड मात्र नाही. उशिराबद्दल व्याज लागतं, आणि ते आज तरी चारशे रुपयांच्या आत आहे. १५ मार्च अजून गेलेला नाही, म्हणून हे पत्र मी रांग मोडून आधी घेतलं. उरलेले २०० शेअर मात्र उत्तर पूर्ण वाचून होईपर्यंत विकू नका.

आधी ते १२ लाखांचं. "१२ लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की त्याचा दुसरा भाग कुणाला माहीतच नाही. नव्या पद्धतीत एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर स्लॅबप्रमाणे निघालेल्या करावर ६० हजारांपर्यंत सूट मिळते. म्हणजे कर आधी निघतो आणि मग माफ होतो. ही माफी स्लॅबच्या करापुरतीच आहे. शेअर आणि इक्विटी फंडांच्या नफ्यावरचा कर स्लॅबने लागत नाही, त्याचे दर वेगळे आहेत, आणि त्या कराला ही सूट पोचत नाही. पगार पाच लाख असो की अकरा लाख, नफ्याचा कर खिशातूनच भरावा लागतो.

एसटीटीचा तुमच्या आयकराशी वजावटीचा काहीच संबंध नाही. तो बाजारातल्या व्यवहारावरचा कर आहे. तुमच्या विक्रीवर शेकडा दहा पैसे, म्हणजे ४ लाख १० हजारांवर ४१० रुपये गेले असतील. ते आयकरातून वळते होत नाहीत, नफा काढताना खर्च म्हणूनही धरता येत नाहीत. दलाली आणि त्यावरचा जीएसटी तेवढा धरता येतो. शेअर विकताना भारतात राहणाऱ्या माणसाचा टीडीएस ब्रोकर कापत नाही. बँकेत पूर्ण रक्कम जमा होते, आणि म्हणूनच पहिल्यांदा विकणाऱ्याला वाटतं की सगळं उरकलं.

आता फंडाचं. पैसे हातात आले नाहीत हे तुम्ही दोनदा अधोरेखित केलंय, त्यामुळे तुम्हाला हे पटायला जड जाईल. पण रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं म्हणजे रेग्युलरची युनिटं विकणं आणि त्याच दिवशी डायरेक्टची विकत घेणं. फंड तोच, व्यवस्थापक तोच, तरी कायद्याच्या नजरेत ही विक्रीच. पैसा तुमच्या खात्यातून फिरला नाही म्हणून नफा व्हायचा राहत नाही. शिवाय डायरेक्टमध्ये आलेल्या युनिटांचं वय २० फेब्रुवारीपासून नव्याने मोजायला लागतं.

एसआयपीत प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते आणि प्रत्येकाचं वर्ष वेगळं भरतं. तुम्ही सोबत पाठवलेल्या उताऱ्यावरून दिसतं की जुलै २०२३ पासून दर महिन्याच्या ५ तारखेला १० हजार जात होते. म्हणजे ५ फेब्रुवारी २०२५ पर्यंतचे २० हप्ते विक्रीच्या दिवशी बारा महिन्यांहून जुने होते, त्यांचा नफा दीर्घ मुदतीचा. त्यानंतरचे १२ हप्ते वर्षाच्या आतले, त्यांचा नफा अल्प मुदतीचा. उताऱ्यात पहिला ४५ हजार आणि दुसरा ८ हजार आहे. फंडात जी युनिटं आधी आली ती आधी विकली गेली असं धरतात. त्यामुळे पुढच्या वेळी असं काही करायचं झालं तर "सगळी रक्कम" असं न लिहिता, वर्ष पूर्ण झालेल्या युनिटांचा आकडा लिहायचा. कोवळे हप्ते जागेवर राहतात. वर्षाच्या आतल्या युनिटांवर अनेक फंड एक्झिट लोड लावतात, तोही वाचतो.

शेअरच्या हिशेबात मात्र तुमचा खरा फायदा दडलाय, आणि तो सहज नजरेतून सुटतो. ८२० वजा ९० असं साधं गणित मांडून बघा. त्याने नफा ३ लाख ६५ हजार येतो. पण लिस्टेड शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर परत लागू झाला तो २०१८ च्या अर्थसंकल्पात, आणि तेव्हा ३१ जानेवारी २०१८ पर्यंत वाढलेली किंमत करातून सोडली गेली. त्या तारखेला किंवा त्याआधी घेतलेल्या शेअरसाठी खरेदी किंमत अशी ठरते: त्या दिवशीचा बाजारातला सर्वात चढा भाव आणि तुमचा विक्रीचा भाव, या दोनांत जो कमी तो घ्यायचा. मग तो आणि तुमचा मूळ भाव यांत जो जास्त, ती तुमची खरेदी किंमत.

तुमच्या शेअरचा त्या दिवशीचा चढा भाव तुमच्या ब्रोकरच्या अहवालात ३१० दिलाय. ३१० आणि ८२० मध्ये कमी ३१०. ३१० आणि ९० मध्ये जास्त ३१०. म्हणून ५०० शेअरची खरेदी किंमत ४५ हजार नव्हे तर १ लाख ५५ हजार. नफा उरतो २ लाख ५५ हजार. हा एक रकाना रिकामा राहिला असता तर १ लाख १० हजारांच्या जादा नफ्यावर सेससह १४,३०० रुपये तुम्ही विनाकारण भरले असते.

हा रकाना चुकतो कसा, ते एका उदाहरणाने सांगते. दोन वर्षांपूर्वी ओळखीचे एक गृहस्थ माझ्याकडे त्यांच्या ब्रोकरचा अहवाल घेऊन आले होते. खरेदी किंमत शून्य, आणि नफा विक्रीच्या रकमेएवढाच. त्यांनी शेअर घेतले होते एका ब्रोकरकडे आणि काही वर्षांनी डिमॅट खातं दुसरीकडे हलवलं होतं. शेअर नव्या खात्यात आले, पण कितीला घेतले ही माहिती मागेच राहिली. त्यांच्या कपाटातून २०११ सालची कॉन्ट्रॅक्ट नोट निघाली, घडीवर फाटलेली, पण भाव आणि तारीख स्वच्छ वाचता येत होती. तेवढा कागद पुरला. तुमच्याकडेही २०१४ चा कागद असेल तर आजच फोटो काढून ठेवा.

आणखी एक ठिकाण बघून घ्या. मधल्या काळात कंपनीने शेअरचं विभाजन केलं असेल, म्हणजे एकाचे दोन झाले असतील, तर ३१ जानेवारी २०१८ चा भावही निम्मा करावा लागतो. त्या दिवशी भाव ६२० असेल आणि विभाजन २०२१ मध्ये झालं असेल, तर आजच्या एका शेअरसाठी तो ३१० धरायचा. ६२० तसाच धरला तर नफा खोटा कमी दिसतो, आणि नंतर चौकशी झाली की उत्तर द्यायला काही नसतं. ओळखायची सोपी खूण: खरेदीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरची संख्या आणि विक्रीआधी खात्यात असलेली संख्या जुळत नसेल, तर मध्ये विभाजन किंवा बोनस झालेला आहे. बोनस शेअरची मूळ किंमत शून्य धरतात, पण ते ३१ जानेवारी २०१८ च्या आधी खात्यात आले असतील तर त्यांनाही त्या दिवसाचा भाव मिळतो.

तर आता बेरीज. दीर्घ मुदतीचा नफा शेअरचा २ लाख ५५ हजार आणि फंडाचा ४५ हजार, एकूण ३ लाख. यातले पहिले सव्वा लाख करमुक्त. हे सव्वा लाख वर्षाला माणशी एकदाच मिळतात, शेअरला वेगळे आणि फंडाला वेगळे असे नाहीत. उरलेल्या १ लाख ७५ हजारांवर साडेबारा टक्क्यांनी २१,८७५ रुपये. अल्प मुदतीच्या ८ हजारांवर २० टक्क्यांनी १,६००. दोन्ही मिळून २३,४७५, त्यावर ४ टक्के सेस ९३९. एकूण २४,४१४ रुपये. पगार आणि बँकेच्या व्याजावरचा स्लॅबचा कर सुटीत जातो, तो शून्य. (मी म्हणते ती सगळी गणितं शेअर आणि इक्विटी फंडांची आहेत. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही जुना झाला तरी स्लॅबनेच मोजला जातो.)

टीडीएस वजा करून वर्षाचा कर १० हजार किंवा त्याहून जास्त निघत असेल, तर तो वर्ष चालू असतानाच भरायचा. अ‍ॅडव्हान्स टॅक्सचा नियम एवढाच आहे. धंदा असो, नोकरी असो की घरभाडं, त्याने फरक पडत नाही. नोकरदारांना तो एरवी जाणवत नाही, कारण त्यांचा कर दर महिन्याला ऑफिसच कापून भरत असतं. सूट आहे ती साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या निवासी ज्येष्ठांना. घरातल्या आईवडिलांनी शेअर विकले असतील तर त्यांना अ‍ॅडव्हान्स टॅक्स लागत नाही, पण कर माफ झालेला नसतो. तो रिटर्न भरण्याआधी भरायचाच असतो.

हप्त्यांच्या तारखा चार: १५ जूनला वर्षाच्या कराचे १५ टक्के, १५ सप्टेंबरला एकूण ४५, १५ डिसेंबरला ७५ आणि १५ मार्चला पूर्ण १००. आता तुम्ही विचाराल, नोव्हेंबरात शेअर विकणार हे जूनमध्ये मला कसं माहीत असणार? कायद्यालाही ते मान्य आहे. भांडवली नफ्यासाठी मागच्या हप्त्यांचं व्याज लावत नाहीत, नफा झाल्यानंतर येणाऱ्या हप्त्यांत कर भरला की झालं. म्हणून तुमचं जून आणि सप्टेंबरचं काहीच देणं नाही.

१२ नोव्हेंबरच्या विक्रीनंतर लगेच १५ डिसेंबर आला. तेव्हा फक्त शेअरचा नफा झालेला होता. २ लाख ५५ हजारांतून सव्वा लाख गेले, राहिले १ लाख ३० हजार. त्यावरचा कर सेससह १६,९००. त्याचे ७५ टक्के, म्हणजे १२,६७५ रुपये, १५ डिसेंबरपर्यंत जायला हवे होते. ते गेले नाहीत, म्हणून महिन्याला एक टक्का याप्रमाणे तीन महिन्यांचं व्याज लागेल. मोजताना रक्कम शंभराच्या पटीत खाली घेतात, १२,६०० चे तीन टक्के होतात ३७८ रुपये. ज्याची तुम्ही रात्रभर काळजी केलीत, तो दंड म्हणजे एवढाच. फेब्रुवारीतल्या फंडाचा कर तर अजून थकलेलाच नाही, त्याची पहिली तारीख १५ मार्च आहे.

आता समजा १५ मार्चही हुकला. ३१ मार्चपर्यंत भरलेली रक्कम अ‍ॅडव्हान्स टॅक्सच धरतात, फक्त आणखी एका महिन्याचं एक टक्का, म्हणजे २४४ रुपये वाढतात. ३१ मार्चही गेला तर दुसरं व्याज सुरू होतं. वर्षाच्या कराच्या ९० टक्के रक्कम आधी भरलेली नसेल तर १ एप्रिलपासून कर भरेपर्यंत दर महिन्याला एक टक्का, आणि महिन्याचा एक दिवसही पूर्ण महिना. तुम्ही जुलैत रिटर्न भरताना कर भरलात तर चार महिन्यांचे ९७६ रुपये. सगळं धरून सोळाशेच्या आसपास. संसार बुडवणारी रक्कम नाही. पण पैसे तुमच्या खात्यात पडून आहेतच, तर का द्यायची?

भरायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे महाविद्यालयाच्या लेखा विभागाला लेखी कळवायचं की माझं इतकं उत्पन्न जादा आहे, मार्चच्या पगारातून त्याचा कर कापा. हे कायद्यात बसतं, आणि असा कापलेला टीडीएस मिळाला तर डिसेंबरचं व्याजही उरत नाही. पण बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारीतच वर्षाचा कर-हिशेब बंद करतात, आणि मार्चच्या ७५ हजारांतून एकदम २४ हजार गेलेले तुम्हाला परवडतील का, हेही बघायला हवं. शिवाय तुमचा शेअरचा व्यवहार ऑफिसात सगळ्यांना कळावा असं तुम्हाला वाटत नसेल, तर तेही कारण पुरेसं आहे. मी तुमच्या जागी असते तर दुसरा मार्ग घेतला असता, स्वतः चलन भरायचा.

आयकराच्या पोर्टलवर `e-Pay Tax` उघडा. लॉगिन न करताही पॅन आणि मोबाइलवरच्या ओटीपीने ते उघडतं. तिथे `Assessment Year` ला `2026-27` निवडा. इथेच सर्वात जास्त लोक घसरतात, कारण आर्थिक वर्ष २०२५-२६ चालू आहे आणि हात आपोआप त्याच आकड्याकडे जातो. चुकीचं वर्ष निवडलं तर पैसे सरकारकडे जातात, पण तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाहीत. दुरुस्तीची सोय पोर्टलवर आहे, पण तिची मुदत थोडी असते, त्यामुळे चलनाची पावती त्याच दिवशी उघडून वर्ष आणि पॅन वाचून घ्या. प्रकार `Advance Tax (100)`. ३१ मार्चनंतर भरलं तर मात्र तोच प्रकार `Self Assessment Tax (300)` होतो.

रक्कम २४,४१४ न भरता २४,८०० भरा. त्यात डिसेंबरचे ३७८ रुपयेही येतात आणि जुलैत पुन्हा छोटं चलन काढावं लागत नाही. यंदा १५ मार्चला रविवार आहे. शेवटच्या दिवशी बँकेची साइट आणि पोर्टल दोन्ही रडतात, तेव्हा शुक्रवारी, १३ तारखेलाच मोकळ्या व्हा.

आता उरलेले २०० शेअर. हे मार्चअखेर विकून "एकाच रिटर्नमध्ये मिटवण्यात" तुमचं दोन बाजूंनी नुकसान आहे. आजच्या भावाने त्यांचा नफा होतो शेअरमागे ५१० प्रमाणे १ लाख २ हजार. या वर्षीचे सव्वा लाख तुम्ही केव्हाच संपवलेत, त्यामुळे या पूर्ण रकमेवर साडेबारा टक्के, म्हणजे सेससह १३,२६० रुपये. ही पहिली बाजू.

दुसरी बाजू त्या १२ लाखांच्या रेषेची. नफ्याच्या कराला सूट लागू होत नाही, पण तुम्ही रेषेच्या आत आहात की बाहेर हे ठरवताना नफा मोजला जातो. तोही सव्वा लाख न वगळता, पूर्ण. तुमचा वर्षाचा पगार ९ लाख, त्यातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली की ८ लाख २५ हजार. पत्रात तुम्ही बँकेच्या व्याजाचा उल्लेख केलेला नाही, पण बचत खातं आणि मुदत ठेवी मिळून १५ हजार तरी धरू. त्यात भांडवली नफा ३ लाख ८ हजार. एकूण ११ लाख ४८ हजार. रेषा ५२ हजारांवर आहे. आणखी १ लाख २ हजार आले की एकूण साडेबारा लाख होतात, तुम्ही रेषेपलीकडे जाता, आणि पगार-व्याजाच्या ८ लाख ४० हजारांवरचा जो २४ हजार कर आज पूर्ण माफ आहे, तोही बव्हंशी अंगावर येतो. रेषा थोडी ओलांडणाऱ्यांना काही दिलासा ठेवला आहे, त्याने पूर्ण २४ हजार जात नाहीत, पण सूट पूर्वीसारखी राहतही नाही.

तेच २०० शेअर १ एप्रिलनंतर विकले तर नव्या वर्षाचे नवे सव्वा लाख मिळतात. १ लाख २ हजार त्यात पूर्ण बसतात. वर्षभरात दुसरं काही विकलं नाही तर त्यावर कर शून्य. तारीख धरतात ती सौद्याची, बँकेत पैसे आले त्याची नव्हे. म्हणजे ३१ मार्चला विकून पैसे एप्रिलमध्ये आले तरी नफा मार्चचाच.

एक गोष्ट मात्र मनापासून विचारते. हे शेअर विकायचे आहेत ते पैशांची गरज आहे म्हणून, की कागदपत्रांची कटकट संपावी म्हणून? महिनाभरात भाव दहा टक्के खाली येऊ शकतो, आणि १ लाख ६४ हजारांच्या शेअरवर दहा टक्के म्हणजे १६ हजार, वाचवलेल्या करातला बराच भाग त्यातच जातो. एखादी फी, एखादं ऑपरेशन समोर असेल तर कराकडे न बघता विका. कटकटीसाठी विकत असाल, तर तीन आठवडे थांबा.

रिटर्न जूनच्या मध्यानंतर भरायला घ्या. तोवर एआयएसमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या वार्षिक माहितीपत्रकात, तुमच्या दोन्ही विक्री दिसू लागतील. तिथली विक्रीची रक्कम तुमच्या हिशेबाशी जुळली पाहिजे. खरेदीची किंमत मात्र तिथे रिकामी किंवा चुकीची असू शकते, ती डोळे झाकून उचलू नका. शेअरसाठी ब्रोकरचा कर-अहवाल आणि फंडासाठी कॅम्स किंवा केफिनटेककडून मिळणारं भांडवली नफ्याचं विवरण, हे तुमचे कागद. १ एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू होतोय, पण तुमची विक्री त्याआधीची आहे, तिला जुनेच नियम.

इतकी वर्षं तुम्ही आयटीआर १ भरत असाल. या वर्षी तो चालणार नाही. दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखांच्या आत असेल तरच आयटीआर १ मध्ये दाखवता येतो. तुमचा त्याहून जास्त आहे आणि अल्प मुदतीचाही आहे, म्हणून आयटीआर २. त्यात `Schedule 112A` मध्ये शेअरची स्वतंत्र ओळ भरायची: आयएसआयएन क्रमांक, ५०० ही संख्या, ८२० विक्री, ९० खरेदी आणि ३१० हा ३१ जानेवारी २०१८ चा भाव. खरेदी त्या तारखेच्या आधीची म्हणून पहिल्या रकान्यात `BE`. फंडाचे वीस हप्ते वीस ओळींत लिहायची गरज नाही. ते नंतरचे, म्हणून `AE`, आणि सगळ्यांची मिळून एकच ओळ, तिथे आयएसआयएनच्या जागी `INNOTREQUIRD` आणि नावाच्या जागी `CONSOLIDATED`. हे स्पेलिंग अर्धवट वाटतं, पण असंच टाकायचं. अल्प मुदतीचे ८ हजार `Schedule CG` मध्ये वेगळे जातात.

ज्या वाचकांना यंदा तोटा झालाय त्यांनी कर नाही म्हणून रिटर्न टाळू नये. अल्प मुदतीचा तोटा दोन्ही प्रकारच्या नफ्यातून वळता होतो, दीर्घ मुदतीचा फक्त दीर्घ मुदतीच्या. उरलेला तोटा पुढची आठ वर्षं नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं असेल तरच.

शेवटी त्याच `Schedule CG` च्या तळाशी एक तक्ता येतो, `F` नावाचा. त्यात नफा कोणत्या काळात झाला हे पाच खणांत विचारतात. घाईत बहुतेक जण सगळी रक्कम पहिल्या खणात टाकतात, आणि मग १५ जूनपासूनचं व्याज लागून आकडा फुगतो. तुमचे २ लाख ५५ हजार १६ सप्टेंबर ते १५ डिसेंबरच्या खणात, फंडाचे ४५ हजार आणि ८ हजार १६ डिसेंबर ते १५ मार्चच्या खणात. इथे सव्वा लाख वजा करायचे नाहीत, पूर्ण नफा लिहायचा. तक्ता बरोबर भरला असेल तर हप्ते चुकल्याच्या व्याजाच्या, म्हणजे `234C` समोर ३७८ च्या आसपास रक्कम दिसेल आणि १ एप्रिलपासूनच्या व्याजाच्या, म्हणजे `234B` समोर शून्य. हजाराच्या आसपास दिसले, तर रिटर्न तसंच पाठवू नका, आधी या तक्त्यात परत या.